पगाराचा रिपोर्ट कुणी उघडला? महापेच्या ऑफिसातून लिहिलेला अनुभव

नोव्हेंबर २०२५च्या अखेरीस आमच्या एका मोठ्या ग्राहक कंपनीकडून माहिती-सुरक्षेची प्रश्नावली आली. आमची कंपनी तळोजा, रबाळे आणि पाताळगंगा भागातल्या कारखान्यांना कंत्राटी कामगार पुरवते. ऑफिस महापेला, टीटीसी एमआयडीसीत. मी तिथे एमआयएस, म्हणजे रिपोर्टचं काम, बघते, आणि छोट्या कंपनीत होतं तसं आयटीचं अर्धं कामही माझ्याकडेच आहे. प्रश्नावलीतले बहुतेक प्रश्न दरवर्षीचे होते: अँटिव्हायरस आहे का, बॅकअप कुठे ठेवता, पासवर्ड किती दिवसांनी बदलता. एक प्रश्न मात्र नवा होता. आमच्या कामगारांच्या पगाराचे आपोआप तयार होणारे रिपोर्ट गेल्या तीन महिन्यांत कुणी उघडले, कुणी डाउनलोड केले, आणि ही नोंद कुणी, कधी तपासली?

उत्तराला ३१ जानेवारीपर्यंत मुदत होती. आमच्या फायनान्सच्या साहेबांनी सहज विचारलं, "हे सिस्टिममधून निघेल ना?" मी म्हटलं, बघते. खरं उत्तर तेव्हाच माहीत होतं: निघणार नाही.

आमचे रिपोर्ट जात कसे होते ते आधी सांगते, कारण अडचण तिथेच आहे. पगाराचं सॉफ्टवेअर रात्री ठरलेल्या वेळी स्वतःच एक्सेल फाइल बनवायचं आणि ठरलेल्या लोकांना मेलने धाडायचं. त्यात पगार रजिस्टर, बँकेला द्यायची पेमेंट फाइल आणि पीएफ-ईएसआयसीची यादी असायची, म्हणजे कामगाराचं नाव, पीएफचा यूएएन क्रमांक, बँक खातं, हजेरी, कपात सगळं. मेल गेला एवढं सर्व्हरला कळतं. पुढे अटॅचमेंट कुणी मोबाइलवर उघडली, कुणी पेन ड्राइव्हवर टाकली, कुणी व्हॉट्सअॅपवर सुपरवायझरला पाठवली, याचा पत्ता कोणत्याही लॉगमध्ये लागत नाही. प्रत पाठवून झाल्यावर त्या प्रतीवर नजर ठेवायला काहीच उरत नाही.

टॅली वापरणाऱ्या ओळखीच्यांनी मला सांगितलं की एडिट लॉग चालू आहे ना, मग झालं. तो लॉग वेगळा. १ एप्रिल २०२३पासून कंपन्यांना हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल ठेवणं बंधनकारक आहे, पण त्यात व्हाउचर कुणी बदललं ते येतं. रिपोर्ट नुसता कुणी पाहिला हे त्यात नसतं. आम्हाला हवी होती ती बघण्याची नोंद.

त्याच सुमारास, नोव्हेंबर २०२५मध्येच, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम अधिसूचित झाले होते. ते मी नीट वाचले, कारण आमच्याकडे कामगारांची वैयक्तिक माहितीच आहे. सुरक्षेच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की वैयक्तिक माहिती कोण हाताळतंय हे लॉग, देखरेख आणि आढावा यांतून दिसलं पाहिजे आणि असे लॉग एक वर्ष ठेवले पाहिजेत. अंमलबजावणीला अठरा महिन्यांचा अवधी आहे. त्याआधीपासून सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२चे निर्देश आहेतच: सगळ्या सिस्टिमचे लॉग १८० दिवस जपायचे आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवून ठेवायची. हे दोन आकडे, १८० दिवस आणि एक वर्ष, पुढे कामाला आले.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही एका सल्लागाराला बोलावलं. त्याने लॉग गोळा करणाऱ्या मोठ्या सिस्टिमचं कोटेशन दिलं, तेही लाखांत. साहेबांनी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि म्हणाले, "आपल्याकडे जे आहे त्यात काय होतं ते आधी बघ." आमच्याकडे मायक्रोसॉफ्ट ३६५चं बिझनेस लायसन्स होतं. त्यातच शेअरपॉइंट, म्हणजे कंपनीच्या फाइली ऑनलाइन ठेवायची जागा, येतं आणि त्याचा ऑडिट लॉगही येतो, वेगळे पैसे नाहीत. म्हणून ठरलं की मेलने फाइल पाठवायची नाही. फाइल शेअरपॉइंटच्या एका बंदिस्त साइटवर पडेल आणि मेलमध्ये फक्त लिंक जाईल. ज्याला बघायचं तो आपल्या नावाने लॉगिन करून तिथे जाईल, म्हणजे त्याची नोंद पडेल.

सगळेच रिपोर्ट हलवायचे नव्हते. आपोआप निघणाऱ्या रिपोर्टची यादी काढली तेव्हा ती माझ्या अंदाजापेक्षा लांब निघाली. कुणीतरी कधीतरी "मला पण रोज पाठव" म्हटलेलं असतं आणि ते वर्षानुवर्षं चालू राहतं. एचआरच्या मॅडम आणि मी बसून त्यातून संवेदनशील तेवढे वेगळे काढले. कसोटी एकच ठेवली: या फाइलमध्ये एखाद्या माणसाचं नाव आणि त्याचा पैसा किंवा ओळखक्रमांक एकत्र येतो का? येत असेल तर आत, नाहीतर राहू दे. गाड्यांच्या डिझेलचा रिपोर्ट बाहेर राहिला.

लॉग खरंच चालू आहे का, हे पहिल्यांदा तपासा. नव्या खात्यांत तो आपोआप चालू असतो, पण गृहीत धरू नका. एक्सचेंज ऑनलाइनच्या पॉवरशेलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, हे चालवायचं:

```
Get-AdminAuditLogConfig | FL UnifiedAuditLogIngestionEnabled
```

`True` आलं की झालं. हीच कमांड सिक्युरिटी अँड कम्प्लायन्सच्या पॉवरशेलमध्ये चालवली तर लॉग चालू असला तरी `False` दिसतं. माझी एक मैत्रीण ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या कंपनीत हेच काम करते, तिने आधीच बजावलं होतं म्हणून माझा वेळ वाचला. लॉग बंद असेल तर तो चालू केल्यापासूनच्या नोंदी मिळतात, मागच्या मिळत नाहीत. म्हणून बाकी काही ठरलं नसलं तरी हे काम आजच उरकून टाका.

मग रिपोर्ट टाकणाऱ्या यंत्राचा प्रश्न आला. फाइल शेअरपॉइंटवर आपोआप चढवणारा फ्लो माझ्याच लॉगिनने बनवला असता तर त्याने केलेली प्रत्येक हालचाल लॉगमध्ये माझ्या नावावर पडली असती. रात्री अडीचला मी पगार रजिस्टर हाताळतेय असं दिसलं असतं, आणि त्याहून वाईट म्हणजे मी खरंच कधी ते उघडलं तर ती नोंद त्या गर्दीत हरवली असती. म्हणून फ्लोसाठी वेगळं खातं काढलं, त्याला एक बेसिक लायसन्स घेतलं. नाव ठेवलं `mis.robot`. एवढाच या सगळ्यातला नवा खर्च. त्या खात्याचा पासवर्ड साहेबांकडे पाकिटात बंद आहे आणि त्याने कुणी माणूस लॉगिन करायचं नाही असा नियम आहे.

फाइलच्या नावातही एक बदल केला. पूर्वी रोजचा अंदाज-रिपोर्ट एकाच नावाने जुन्यावर नवा लिहिला जायचा. तसं ठेवलं तर फाइल १२ तारखेला उघडली एवढं लॉग सांगतो, पण तेव्हा तिच्यात कुठल्या दिवसाचा मजकूर होता हे शोधत बसावं लागतं. आता नावातच तारीख आणि साइट असते आणि प्रत्येक रिपोर्टला स्वतःचा फोल्डर आहे.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो लॉगिनवर. तळोज्याच्या साइट ऑफिसात एक कॉम्प्युटर आणि तीन शिफ्ट. तिघेही एकाच खात्याने बसायचे, पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. लॉगमध्ये `taloja.accounts` असं आलं तर तिघांतला कोण, हे देवालाच माहीत. मी स्वतः तिथे गेले. सगळ्यात जुने काका म्हणाले, "मॅडम, इथं मशीन चालू व्हायलाच दहा मिनिटं लागतात. प्रत्येकाने आपापलं लॉगिन केलं तर कामगार गेटवर उभे राहतील." त्यांचं खरं होतं. आम्ही त्या मशीनची रॅम वाढवली, आणि विंडोजचं लॉगिन एकच ठेवून फक्त शेअरपॉइंट ब्राउझरच्या खासगी विंडोत आपापल्या नावाने उघडायचं ठरवलं. खासगी विंडो सगळ्या बंद केल्या की लॉगिन संपतं. आदर्श व्यवस्था नाही, पण तिघांची नावं लॉगमध्ये वेगळी पडायला लागली. मोबाइलवर येणारा दुसरा कोड प्रत्येकाला लावला. त्याचा फायदा असा की काकांना आपला पासवर्ड दुसऱ्याला द्यायचा असेल तर आता फोनवरचा कोडही द्यावा लागतो.

डिसेंबरच्या मध्यावर नोटीस लावली. मराठीतच लिहिली, कारण ती साइटवरच्या माणसांनाही वाचायची होती. अमुक रिपोर्ट कोण उघडतं, कोण डाउनलोड करतं याची नोंद होते, ती अमुक व्यक्ती तपासते, कामाशी संबंध नसलेलं काही आढळलं तर आधी संबंधिताला विचारलं जाईल, एवढंच त्यात होतं. तरी कुजबुज झालीच. "आता आमच्यावर कॅमेरे लागले" असं एकाने जेवताना सुनावलं. मला वाईट वाटलं, पण आधी सांगून टाकलं होतं म्हणून तोंड लपवावं लागलं नाही. गुपचूप चालू केलं असतं आणि नंतर कळलं असतं, तर ते जेवण फारच अवघड गेलं असतं.

आता या सगळ्यातला मला सर्वात उपयोगी वाटलेला भाग. लॉग वाचायच्या आधी आम्ही त्याची परीक्षा घेतली. अकाउंट्समधल्या एका मुलीला खोट्या नावांची पगार फाइल दिली आणि एका दुपारी ठरवून पाच गोष्टी करायला सांगितल्या. ती फाइल ब्राउझरमध्ये उघड, डाउनलोडचं बटण दाबून उतरव, एक्सेलच्या डेस्कटॉप प्रोग्रॅममध्ये उघडून "सेव्ह अॅज" करून डेस्कटॉपवर ठेव, मोबाइलच्या अॅपमधून बघ, आणि शेवटी लायब्ररीचं, म्हणजे शेअरपॉइंटवरच्या त्या फाइलसंग्रहाचं, "सिंक" बटण दाब. प्रत्येक गोष्टीची वेळ तिने वहीत लिहिली. लॉगमधल्या नोंदी लगेच दिसत नाहीत, साधारण तास-दीड तास लागतो, म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी वही आणि लॉग शेजारी ठेवून बसलो.

ब्राउझरमध्ये उघडल्याची ओळ `FileAccessed` अशी होती. डाउनलोडचं बटण दाबल्याची `FileDownloaded`. इथपर्यंत अपेक्षेप्रमाणे. पण एक्सेल प्रोग्रॅममध्ये उघडून डेस्कटॉपवर प्रत ठेवली त्याची ओळही फक्त `FileAccessed`. बरोबरच आहे म्हणा, शेअरपॉइंटला फाइल दिली गेली एवढंच कळतं, पुढे तिच्या मशीनवर एक्सेलने काय केलं हे त्याच्या हद्दीबाहेर. म्हणजे "यांनी फक्त उघडली, डाउनलोड केली नाही" असं विधान या लॉगवरून करता येत नाही. प्रश्नावलीच्या उत्तरात मी हे तसंच लिहिलं: उघडणाऱ्या प्रत्येकाकडे प्रत असू शकते असं धरूनच आम्ही आढावा घेतो.

सिंक बटणाने तर वेगळाच प्रकार केला. तिने एक बटण दाबलं आणि लायब्ररीतल्या सगळ्या फाइलींसाठी एकामागून एक `FileSyncDownloadedFull` अशा ओळी पडल्या. कुणी न उघडलेल्या फाइलीही तिच्या मशीनवर उतरल्या. संवेदनशील रिपोर्टला हे नकोच. लायब्ररीच्या सेटिंगमध्ये, अॅडव्हान्स्ड सेटिंगखाली, ऑफलाइन क्लायंटला परवानगी असा पर्याय असतो. तिथे "नाही" निवडलं. पण तोवर कुणी आधीच सिंक केलं असेल तर काय, हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला आणि पुढे तो खराच निघाला.

१ जानेवारी २०२६पासून जुने मेल बंद केले आणि लिंक चालू झाली. पहिले काही दिवस फोन वाजत राहिला. "फाइल उघडत नाही", "मला परवानगी मागतंय", "तूच मेल कर ना एकदा". त्या "एकदा"ला मी नाही म्हणत राहिले, कारण एक अटॅचमेंट गेली की त्या महिन्याचा लॉग अपुरा. एचआरच्या मॅडम माझ्या पाठीशी उभ्या राहिल्या म्हणून निभावलं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला पहिला महिना काढला. पोर्टलवरूनही शोधता येतं, पण दर महिन्याला तेच करायचं असल्याने मी कमांड वापरते:

```
do {
  $r = Search-UnifiedAuditLog -StartDate 2026-01-01 -EndDate 2026-02-01 `
    -RecordType SharePointFileOperation `
    -Operations FileAccessed,FileDownloaded,FileSyncDownloadedFull `
    -SessionId "jan26" -SessionCommand ReturnLargeSet -ResultSize 5000
  if ($r) { $r | Select-Object @{n='CreationDate';e={([datetime]$_.CreationDate).ToString('s')}},UserIds,Operations,AuditData | Export-Csv jan26.csv -Append -NoTypeInformation }
} while ($r)
```

यात `ResultSize` मुद्दाम लिहा. तो दिला नाही तर कमांड फक्त १०० ओळी देते आणि काही बिघडलंय असं सांगत नाही. यादी बरोबर शंभरावर थांबली असेल तर संशय घ्या. असा एक शोध जास्तीत जास्त ५०,००० ओळींपर्यंत जातो, त्यामुळे मोठ्या कंपनीने महिन्याऐवजी आठवड्याचे तुकडे करावेत. निकाल क्रमाने येत नाहीत, एक्सेलमध्ये लावून घ्यावे लागतात. आणि ही कमांड चालवायला ऑडिट लॉग बघण्याचा रोल खात्याला असावा लागतो, नुसतं अॅडमिन म्हणवून भागेलच असं नाही.

वेळेचा घोळ सगळ्यांनाच बसतो. लॉगमधली वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, असते. एचआरच्या मॅडमनी कच्ची यादी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. रबाळ्याचा एक मुलगा ७ जानेवारीला पहाटे ३ वाजून १२ मिनिटांनी पगार रजिस्टर उघडत होता. साडेपाच तास मिळवले तर ८ वाजून ४२ मिनिटं झाली. त्या वेळी तो साइटवर पोचलेला असतो आणि पगाराच्या तारखेच्या सकाळी रजिस्टर बघणं हे त्याचं कामच. त्यानंतर मी कच्ची यादी कुणालाच देत नाही. पहिल्यांदा एक नवा स्तंभ घालते:

```
=DATEVALUE(LEFT(A2,10))+TIMEVALUE(MID(A2,12,8))+TIME(5,30,0)
```

उलटा धोकाही असतो, तो कमी बोलला जातो. लॉगमध्ये रात्री ८ वाजून ४० मिनिटं असं साधं दिसणारं आपल्याकडे पहाटे दोन वाजून दहा मिनिटं असतं आणि तारीखही पुढची. वेळ बदलून घेतली नाही तर ती ओळ डोळ्यांखालून निसटते.

पुढचा गोंधळ ओळींच्या संख्येचा. माणसाने फाइल एकदा उघडली तरी लॉगमध्ये दोन-चार ओळी पडतात, आणि तीच फाइल तो बराच वेळ उघडी ठेवून बसला तर पुढच्या नोंदी `FileAccessedExtended` या वेगळ्या नावाने जातात. ओळी मोजून "अमक्याने रजिस्टर चाळीस वेळा उघडलं" असं म्हणणं त्या माणसावर अन्याय आहे. आम्ही एक माणूस, एक फाइल, एक दिवस अशी एकच नोंद धरतो. मग `mis.robot` आणि शेअरपॉइंटचं स्वतःचं `app@sharepoint` हे खातं बाजूला काढतो. उरलेली यादी वाचता येण्याएवढी छोटी होते. बाजूला काढलेलं पुसत मात्र नाही, दुसऱ्या शीटवर ठेवतो.

आयपी पत्त्यावर मी सुरुवातीला फार भरवसा ठेवला होता, तो कमी झाला. महापे ऑफिसातली सगळी मशीन बाहेरून एकाच पत्त्याने दिसतात, म्हणजे पत्ता "ऑफिसमधून" एवढंच सांगतो. मोबाइलवरून उघडलं तर पत्ता कधी कुठल्या कुठे दाखवतो. भुवया उंचवायला ठीक, निष्कर्षाला नाही.

खरा आढावा एप्रिलमध्ये झाला, जानेवारी ते मार्चच्या नोंदींचा. तो मी करायचा नाही असं आधीच ठरलं होतं. परवानग्या देते मी, लॉग काढते मी, तर तपासायला दुसरं कुणी हवं. नाहीतर माझ्या स्वतःच्या ओळी कोण बघणार? एचआरच्या मॅडम आणि अंतर्गत लेखापरीक्षणाला येणारे सर बसले, मी शेजारी प्रश्नांना उत्तरं द्यायला. त्यांच्या हातात दोन कागद होते: त्या दिवशी कुणाला परवानगी आहे त्याची यादी आणि तीन महिन्यांत प्रत्यक्ष कुणी उघडलं त्याची यादी. दोन्ही शेजारी ठेवल्या की काम पटकन दिसतं.

बहुतेक नावांपुढे बरोबरची खूण झाली. एका नावाशी सर थांबले. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका मुलाच्या खात्यावर दोन मिनिटांच्या आत अडतीस फाइलींच्या `FileSyncDownloadedFull` ओळी होत्या. हा मुलगा पूर्वी पगार विभागात होता, ऑक्टोबरमध्ये खरेदी विभागात गेला. मी साइट बनवताना जुन्या मेल यादीवरून परवानग्या घेतल्या होत्या आणि त्या यादीत तो अजून होता. पण सिंक तर आपण बंद केलं होतं? मी सेटिंगच्या तारखा पाहिल्या. सिंक बंद होतं पगार रजिस्टरच्या लायब्ररीत. पीएफ यादीची लायब्ररी वेगळी, ती नंतर जोडली गेली आणि तिथे पर्याय "हो" वरच राहिला होता.

आम्ही नोटिशीत लिहिल्याप्रमाणे आधी त्यालाच विचारलं. त्याला बोलावल्यावर तो घाबरला, ते स्वाभाविक होतं. त्याच्या लॅपटॉपवर शेअरपॉइंट उघडल्यावर वर "सिंक" दिसलं, ते खरेदीच्या फोल्डरचंच असेल समजून त्याने दाबलं होतं. लॅपटॉप आमच्यासमोर उघडला. फोल्डर तसाच पडून होता. एकही फाइल उघडल्याची `FileAccessed` ओळ त्याच्या नावावर नव्हती, पण मघाशी सांगितलं तसं त्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण मशीनवर उतरलेली प्रत उघडली तर शेअरपॉइंटला कळत नाही. म्हणून लॅपटॉपवरची अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादीही पाहिली, तिथेही काही नव्हतं. फोल्डर हाताने काढला, परवानगी काढली, दुसऱ्या लायब्ररीचं सिंक बंद केलं आणि काय सापडलं, काय केलं, ते आढाव्याच्या कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. त्या मुलाला मॅडमनी चहा पाजला. परवानगी नुसती काढून थांबू नका, आधी उतरलेली प्रत स्वतः जाऊन बघा.

आणखी एक गोष्ट अशी सापडली की जी मी शोधतच नव्हते. दोन रिपोर्ट असे होते की ज्यांच्यावर तीन महिन्यांत `mis.robot` सोडून कुणाचीच ओळ नव्हती. त्यातला एक म्हणजे साइटवार कपातीची यादी, ज्यात कर्जाचे हप्ते आणि कोर्टाच्या आदेशाने होणाऱ्या कपातीसुद्धा येतात. कुणालाच नको असलेला असा रिपोर्ट दर महिन्याला निघत होता. तो ज्यांना जायचा त्यांना विचारलं, एकाने "अजून येतो का तो?" असं विचारलं. दोन्ही बंद केले.

लॉग साठवण्याबद्दल. आमच्या लायसन्सवर मायक्रोसॉफ्ट हे लॉग १८० दिवस ठेवतं. सर्ट-इनपुरतं ते जुळतं, पण नव्या नियमांच्या एका वर्षाला पुरत नाही. त्यामुळे दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी सीएसव्ही काढून महापेच्या सर्व्हरवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते, तिथे मला लिहिता येतं पण पुसता येत नाही. फाइल काढल्याक्षणी `Get-FileHash jan26.csv` चालवून येणारा आकडा साहेबांना मेल करते. कुणी नंतर एखादी ओळ बदलली तर तो आकडा जुळणार नाही. फाइल लहान असतात, जागेचा प्रश्नच येत नाही. फक्त हे लक्षात ठेवा की त्या लॉगमध्येही माणसांची नावं आणि त्यांच्या कामाच्या वेळा असतात. तो फोल्डरही संवेदनशीलच.

प्रश्नावलीचं उत्तर जानेवारीअखेर दिलं तेव्हा आमच्याकडे एकाच महिन्याच्या नोंदी होत्या. मागच्या तीन महिन्यांचं "उपलब्ध नाही" असं लिहिलं, पुढे काय सुरू केलं ते लिहिलं, आणि चाचणीचा तक्ता जोडला. ग्राहकाने उलट एकच गोष्ट विचारली: आढावा घेणारी व्यक्ती परवानग्या देणाऱ्या व्यक्तीपेक्षा वेगळी आहे का? आहे असं कळवलं. एप्रिलच्या आढाव्याची सही केलेली प्रत त्यांनी मागवून घेतली आणि विषय त्यांच्याकडून मिटला.

आमच्याकडून अजून सगळं मिटलेलं नाही. छापलेला कागद आणि स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो या लॉगमध्ये येत नाही, येणारही नाही. तळोज्याला पगार रजिस्टर अजून छापूनच लागतं, कारण कामगारांच्या सह्या घ्यायच्या असतात. जुलैच्या आढाव्याआधी तिथल्या प्रिंटरपाशी एक वही ठेवायची आहे. काका म्हणाले, "वही चालेल, तिला पासवर्ड लागत नाही."